आजींचे पोटॅशियम भरले आणि सोडियम चढले: थायझाइडचे एक प्रकरण

फ्लुइड-इलेक्ट्रोलाइटची उजळणी करताना विद्यार्थी सोडियमचे एक पान वाचतात आणि पोटॅशियमचे दुसरे. परीक्षेच्या टेबलावरही ते तसेच वेगवेगळे विचारले जातात. रुग्णाच्या शरीराला मात्र ही पाने ठाऊक नसतात. मी दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर असताना हे मला एका आजींमुळे कळले. त्या दिवशी मी पोटॅशियमवर उपचार करत होते आणि त्या उपचारानेच सोडियम हाताबाहेर गेले. हिशेब करायला मी चुकले होते. म्हणून हे प्रकरण आकड्यांसकट सांगते. वजन आणि आकडे समजायला सोपे जातील असे थोडे गोल केले आहेत.

आजी 68 वर्षांच्या, वजन 45 किलो. रक्तदाबाची जुनी गोळी पुरत नव्हती, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी गोळी बदलली होती. नव्या गोळीत 25 मिलिग्रॅम हायड्रोक्लोरोथायझाइड होते. सोबत दोन सल्ले मिळाले होते. मीठ बंद करा, आणि लघवीला जळजळ होते तर पाणी भरपूर प्या. आजींनी दोन्ही सल्ले मनापासून पाळले. जेवण म्हणजे सकाळी चहा आणि दुपारी-रात्री थोडी भाताची पेज, तीही अळणी. चार दिवसांपासून मळमळ होत होती आणि दोनदा उलटी झाली होती. सून म्हणाली, "दोन दिवस झाले, काहीतरी असंबद्ध बोलतायत, आणि उभं राहिलं की पायात जोरच नाही." सकाळी अकराच्या सुमारास कॅज्युअल्टीच्या खाटेवरच आजींना आकडी आली. ती मिनिटभरात थांबली, पण आजी शुद्धीवर आल्या नाहीत.

पहिला रिपोर्ट असा होता: सोडियम 108, पोटॅशियम 2.4, बायकार्बोनेट 31, साखर 112, युरिया 18, क्रिएटिनिन 0.6. ईसीजीत टी लाटा चपट्या होत्या आणि त्यांच्यामागे यू लाटा स्पष्ट दिसत होत्या.

सोडियम खरेच कमी आहे का, हा पहिला प्रश्न. आपल्याकडच्या रिपोर्टात युरिया येतो, युरिया नायट्रोजन नव्हे, म्हणून ऑस्मोलॅलिटी काढताना युरियाला 6 ने भागायचे. सोडियमची दुप्पट 216, साखर भागिले 18 म्हणजे 6, आणि युरिया भागिले 6 म्हणजे 3. बेरीज 225 झाली. साखर वाढलेली नाही, म्हणजे पेशींतले पाणी साखरेने बाहेर ओढलेले नाही. हे खरे, हायपोटॉनिक हायपोनेट्रेमिया आहे.

लघवीची ऑस्मोलॅलिटी 410 आली आणि लघवीतले सोडियम 46. विद्यार्थी इथे हमखास घसरतात. लघवी घट्ट, लघवीत सोडियम 40 च्या वर, रुग्णाला सूज नाही, म्हणून ते लगेच "एसआयएडीएच" म्हणतात. पण रुग्ण थायझाइड घेत असेल तर लघवीतल्या सोडियमवरून काहीच ठरवता येत नाही. गोळीचे कामच मुळी लघवीत सोडियम टाकणे हे आहे. थायझाइड थांबवल्याशिवाय एसआयएडीएचचे निदान करायचे नसते. शिवाय एसआयएडीएचमध्ये पोटॅशियम आणि बायकार्बोनेट सहसा जागेवर असतात. इथे पोटॅशियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त आहे. ही जोडी दिसली की आधी गोळ्यांची पट्टी मागायची आणि उलट्यांची चौकशी करायची. आजींच्या बाबतीत दोन्ही गोष्टी होत्या.

थायझाइड हे का करते ते नेफ्रॉनमधल्या जागेवरून कळते. मूत्रपिंड लघवी पातळ करते ते मुख्यतः दोन ठिकाणी. हेन्लेच्या लूपच्या जाड चढत्या भागात आणि त्यापुढच्या डिस्टल नलिकेत पाण्याविना मीठ परत घेतले जाते. थायझाइड डिस्टल नलिकेतले काम बंद पाडते, म्हणून लघवी पुरेशी पातळ होत नाही. मात्र मेड्युलातला खारटपणा तसाच शाबूत राहतो, कारण तो लूपमुळे तयार होतो. त्यामुळे एडीएच असले की पाणी साठवायची सोय पूर्ण चालू राहते. फ्युरोसेमाइड लूपवरच घाव घालते, मेड्युलाचा खारटपणाच मोडते, म्हणून त्यात एवढे खोल हायपोनेट्रेमिया कमी दिसते. तोंडी परीक्षेत हा प्रश्न वारंवार येतो आणि त्याचे उत्तर एवढेच आहे.

पोटॅशियमचे नुकसानही त्याच गोळीमुळे. डिस्टल नलिकेत न घेतलेले सोडियम पुढे कलेक्टिंग डक्टमध्ये जाते. तिथे ते आत घेताना बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकले जाते. शरीरातले द्रव कमी झाल्याने अल्डोस्टेरॉन वाढलेले असते, ते या अदलाबदलीला आणखी हात देते. उलट्यांनी त्यात भर टाकली. आजींच्या लघवीतले पोटॅशियम 38 होते. शरीरात 2.4 असताना लघवीत 38 जात असेल तर गळती मूत्रपिंडातूनच आहे.

आता उपचार. आकडी आली आहे, रुग्ण शुद्धीवर नाही, तेव्हा कारणांची चर्चा पुढे ढकलायची आणि 3 टक्के सलाईन द्यायचे. आम्ही 100 मिली दहा मिनिटांत दिले. आजी डोळे उघडेनात, म्हणून आणखी 100 मिली दिले. दुसऱ्या डोसनंतर त्यांनी सुनेला नावाने हाक मारली. दुपारी एक वाजता सोडियम 112 होते. 3 टक्के सलाईन तिथेच थांबवले. मेंदूची सूज उतरायला 4 ते 6 ने वाढ पुरते. सोडियम 130 पर्यंत नेणे हे त्या दिवसाचे काम नव्हतेच.

इथपर्यंत सगळे पुस्तकाबरहुकूम झाले. मग मी पोटॅशियमकडे वळले.

पोटॅशियम 2.4 आहे, यू लाटा आहेत, भरून काढायलाच हवे. कागदावर मी लिहिले: नॉर्मल सलाईनच्या 500 मिलीच्या दोन बाटल्या, प्रत्येकीत पोटॅशियम क्लोराईडचा एक अँप्यूल, चार-चार तासांत. सोबत पोटॅशियम क्लोराईड सिरप 15 मिली, दोनदा. आपल्याकडच्या 15 टक्क्यांच्या 10 मिली अँप्यूलमध्ये 20 मिलिमोल पोटॅशियम असते, आणि सिरपच्या 15 मिलीतही 20. एकूण 80 झाले. वेग तासाला 10 पेक्षा कमी, बाटलीतले प्रमाण लिटरला 40. शिरेच्या दृष्टीने हे सगळे सुरक्षित होते. सोडियमचा पुढचा नमुना मी आठ तासांनी लिहिला. त्या दिवसाची पहिली चूक हीच.

संध्याकाळी सातला सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, आजींची पिशवी बघा. दुपारपर्यंत तासाला पन्नास-साठ येत होतं, आता एका तासात अडीचशे आलंय, आणि रंग तर नळाच्या पाण्यासारखा." मला बरेच वाटले. मूत्रपिंड छान चालू झाले, असे मी मनात म्हटले. ही दुसरी चूक. नऊ वाजता नमुना आला. सोडियम 120, पोटॅशियम 2.9.

दहा तासांत 12 ने वाढ. आजींना 24 तासांत 8 च्या वर जाऊ द्यायचे नव्हते.

हे 12 आले कुठून, हा या प्रकरणाचा गाभा आहे. 1958 मध्ये एडेलमन आणि सहकाऱ्यांनी एक संबंध मांडला. प्लाझ्मातले सोडियम ठरते ते शरीरातले अदलाबदल होणारे सोडियम अधिक पोटॅशियम, यांना शरीरातल्या एकूण पाण्याने भागून. पोटॅशियम अंशस्थानी आहे, सोडियमच्या शेजारी, त्याच वजनाने. म्हणजे शरीरात घातलेला पोटॅशियमचा प्रत्येक मिलिमोल प्लाझ्मातले सोडियम तेवढेच वाढवतो, जेवढे सोडियमचा एक मिलिमोल वाढवेल. हे पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटते. पण पोटॅशियम पेशीत शिरते तेव्हा बदल्यात पेशीतले सोडियम बाहेर येते. किंवा पोटॅशियम क्लोराईडसह आत जाते आणि आपल्यासोबत पाणी आत ओढते, त्यामुळे बाहेर उरलेले पाणी कमी होते. कोणत्याही वाटेने गेले तरी बाहेरचे सोडियम वाढतेच.

आजींसाठी हिशेब सोपा होता. वृद्ध स्त्रीच्या शरीरात वजनाच्या सुमारे 45 टक्के पाणी धरायचे, म्हणजे 45 किलोला साधारण 20 लिटर. 20 लिटर पाण्यात 20 मिलिमोल गेले की सोडियम 1 ने वाढणार. एक अँप्यूल म्हणजे 1, सिरपचा एक डोस म्हणजे 1. एवढा हिशेब मी पेनाच्या टोपणावर करू शकले असते.

आता 12 चा जमाखर्च असा बसतो. 3 टक्के सलाईनच्या 200 मिलीत सुमारे 103 मिलिमोल सोडियम असते. त्याने पाणी धरून 4 ने वाढ झाली, 108 चे 112. पुढे नॉर्मल सलाईनचा एक लिटर गेला. त्यातले सोडियम 154, रुग्णाचे 112. फरक 42, तो 21 लिटरमध्ये वाटला की 2. पोटॅशियमचे 80 मिलिमोल 21 लिटरमध्ये, म्हणजे जवळजवळ 4. हे 6 मिळून सोडियम 118 ला जाणार हे दुपारी एकलाच कागदावर दिसले असते. उरलेले 2 लघवीने वाढवले.

बाटलीचा विचार वेगळ्या तऱ्हेनेही करून बघा. 500 मिली नॉर्मल सलाईनमध्ये एक अँप्यूल घातला की तिचे प्रमाण लिटरला 154 अधिक 40, म्हणजे 194 होते. मी "फक्त एनएस चालू आहे" असे समजत होते. प्रत्यक्षात 3 टक्क्यांच्या सलाईनचे धाकटे भावंड शिरेतून चालू होते.

लघवीचे ते 2 सर्वांत धोक्याचे होते, कारण ते तिथे थांबणार नव्हते. आजींचे एडीएच वाढलेले होते ते तीन कारणांनी: शरीरात द्रव कमी होते, मळमळ होती, आणि थायझाइड होते. सलाईनने द्रव भरले, मळमळ थांबली, गोळी आपण बंद केली. एडीएच अचानक ओसरले आणि मूत्रपिंडाने नळ उघडून साठवलेले पाणी सोडायला सुरुवात केली. रात्री नऊच्या लघवीत सोडियम 22 आणि पोटॅशियम 8 होते. बेरीज 30. रक्तातले सोडियम 120. म्हणजे लघवीतला तीन चतुर्थांश भाग क्षारविरहित निव्वळ पाणी होता. तासाला 250 मिलीतून जवळजवळ 190 मिली पाणी जात होते. हे असेच रात्रभर चालले असते तर सकाळी सोडियम 130 च्या पलीकडे असते, आणि आम्ही आणखी एक थेंबही सलाईन दिले नसते तरी.

रात्री प्रयोगशाळा उपलब्ध नसेल तर लघवीची पट्टी पुरते. आजींच्या लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी 1.002 होती. हायपोनेट्रेमियाच्या रुग्णाची लघवी तासाला 100 मिलीच्या वर जाऊ लागली आणि रंग पाण्यासारखा झाला की नमुना त्याच क्षणी पाठवायचा, ठरलेल्या वेळेची वाट बघायची नाही. आणि नमुना ड्रिप चालू असलेल्या हातातून घ्यायचा नाही. तसेच एक रिपोर्ट एबीजी मशीनचा आणि पुढचा प्रयोगशाळेचा असे मिसळू नये. दोन्हींची मोजण्याची पद्धत वेगळी असते, आणि आपण 2-3 च्या फरकावर निर्णय घेत असतो.

आता 8 ची मर्यादा का, 12 का नाही. सोडियम हळूहळू घसरते तेव्हा मेंदूच्या पेशी सुजून फुटू नयेत म्हणून आतले कण बाहेर टाकतात. आधी पोटॅशियम आणि क्लोराईड, मग टॉरिन, मायोइनोसिटॉलसारखे सेंद्रिय कण. साधारण 48 तासांत हे जुळवून घेणे पुरे होते. म्हणून 48 तासांपेक्षा जुने, किंवा किती जुने ते माहीत नसलेले हायपोनेट्रेमिया क्रॉनिक धरायचे. टाकलेले सेंद्रिय कण परत मिळवायला मेंदूला दिवस लागतात. त्याआधी बाहेरचे सोडियम झपाट्याने चढले तर पेशी आक्रसतात आणि मायलिन सुटू लागते. 1959 मध्ये अ‍ॅडम्स, व्हिक्टर आणि मॅन्कॉल यांनी पॉन्समधल्या या विकाराचे वर्णन केले ते मद्यपी आणि कुपोषित रुग्णांत. आता त्याला ऑस्मॉटिक डिमायलिनेशन म्हणतात, कारण तो पॉन्सपुरता मर्यादित नसतो.

कोणाला हा धोका जास्त, त्यांची यादी परीक्षेत विचारतात: सोडियम 105 किंवा त्याखाली, मद्यपान, कुपोषण, यकृताचा आजार, आणि पोटॅशियम कमी असणे. शेवटच्या नावावर थांबा. पोटॅशियम कमी असलेला रुग्ण वेगवान दुरुस्ती सोसू शकत नाही, आणि त्याचे पोटॅशियम भरण्यानेच दुरुस्ती वेगवान होते. दोन्ही बाजूंनी अडकवणारा असा रुग्ण दुसरा नाही. अलीकडच्या काही अभ्यासांनी सरसकट हळू दुरुस्तीच्या आग्रहावर प्रश्न उभे केले आहेत, आणि साध्या रुग्णात ती चर्चा योग्यच आहे. पण पोटॅशियम 2.4 असलेल्या, पेजेवर जगणाऱ्या 45 किलोच्या बाईला त्या चर्चेत ओढायची माझी हिंमत नाही. अशा रुग्णात उद्दिष्ट 24 तासांत 4 ते 6 आणि मर्यादा 8. मर्यादेला उद्दिष्ट समजणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे.

रात्री सव्वानऊला वरिष्ठांना फोन केला. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "आधी नळ बंद कर, मग पाणी परत दे." नळ बंद करणे म्हणजे डेस्मोप्रेसिन 2 मायक्रोग्रॅम शिरेतून, दर आठ तासांनी. हे बाहेरून दिलेले एडीएचच. ते दिले की मूत्रपिंड पाणी सोडायचे थांबते. पाणी परत देणे म्हणजे 5 टक्के डेक्स्ट्रोज, किलोला 6 मिली, आजींसाठी 270 मिली, तासाभरात. डेक्स्ट्रोजची साखर पेशी वापरून टाकतात, मागे निव्वळ पाणी उरते. 20 लिटरमध्ये पाव लिटरच्या आसपास पाणी मिसळले की सोडियम साधारण दीडने उतरते. ही जोडी महत्त्वाची आहे. नुसते डेक्स्ट्रोज दिले आणि नळ उघडाच राहिला तर दिलेले पाणी पिशवीत जाते. दर तासाला बोटाची साखरही बघावी लागते, कारण साखर वर गेली तर सोडियम उतरल्याचा आभास होतो आणि लघवीही वाढते.

अकरा वाजता सोडियम 118 झाले. दुसरे 270 मिली दिले, एक वाजता 117. तिसरे दिले, तीन वाजता 115. लघवी तासाला 40 वर आली आणि पुन्हा पिवळी झाली. डेक्स्ट्रोज थांबवले, डेस्मोप्रेसिन चालू ठेवले. सकाळी अकराला 24 तास पूर्ण झाले तेव्हाही 115. एकूण वाढ 7. आजी चहा मागत होत्या.

डेस्मोप्रेसिन थांबवायची घाई करायची नाही. ते चालू असताना मूत्रपिंड पाणी सोडणार नाही, म्हणजे सोडियम कसे वर जाईल ते आता आपण देऊ त्यावरच ठरेल. याचा फायदा घ्यायचा. त्याच वेळी एक धोकाही आहे. नातेवाइकांनी प्रेमाने तांब्याभर पाणी पाजले तर ते सगळे आत राहणार. म्हणून आजींच्या खाटेला कागद लावला, दिवसाला 800 मिलीच, चहा धरून.

पोटॅशियम पहाटे 2.8 होते, डेक्स्ट्रोजने स्रवलेल्या इन्सुलिनने थोडे आत ढकललेले. म्हणूनच पोटॅशियम डेक्स्ट्रोजच्या बाटलीतून भरायला जाऊ नये. मॅग्नेशियमही मागवले, ते 1.2 आले. थायझाइडवर ते उतरतेच. मॅग्नेशियम कमी असले की कलेक्टिंग डक्टमधली पोटॅशियमची दारे उघडी राहतात आणि वरून भरलेले पोटॅशियम खालून गळत राहते. 50 टक्के मॅग्नेशियम सल्फेटचे 2 ग्रॅम सलाईनच्या छोट्या बाटलीतून दिले. पोटॅशियम हट्टाने वर येत नसेल तर मॅग्नेशियम बघितल्याशिवाय डोस दुप्पट करू नये.

दुसऱ्या दिवशी सोडियमसाठी आम्ही काहीही दिले नाही. सोडियमचे एकही सलाईन नाही. फक्त पोटॅशियम क्लोराईड सिरप 15 मिली, पाण्यात मिसळून, दिवसातून चार वेळा. एकूण 80 मिलिमोल. हिशेबाने 4 ने वाढ अपेक्षित होती. तिसऱ्या सकाळी सोडियम 119, पोटॅशियम 3.4. काल ज्या औषधाने घात केला होता त्याचाच आज मोजून उपयोग झाला. तिसऱ्या दिवशीही तेच, 60 मिलिमोल. चौथ्या सकाळी सोडियम 123, पोटॅशियम 3.9. सोडियम 126 झाल्यावर डेस्मोप्रेसिन बंद केले आणि त्या रात्री दर चार तासांनी नमुने घेतले, कारण नळ पुन्हा उघडणार हे आता ठाऊक होते. सातव्या दिवशी सोडियम 133.

आकडा सुधारला की आपण सुटलो असे वाटते, पण डिमायलिनेशनची लक्षणे साधारण दोन ते सहा दिवसांनी उमटतात. आधी सुधारलेला रुग्ण पुन्हा बिघडतो. बोलणे जड होते, गिळताना ठसका लागतो, हातपाय लुळे पडतात, कधी फक्त डोळे हलतात. एमआरआय पहिल्या काही दिवसांत साफ असू शकतो, म्हणून साफ एमआरआयने खात्री पटवून घ्यायची नाही. आम्ही आजींना रोज "माझ्या मागे म्हणा" असे सांगून एकेक वाक्य म्हणवून घेत होतो आणि घोटभर पाणी गिळायला लावत होतो. एका सकाळी त्या म्हणाल्या, "रोज काय परीक्षा घेता गं माझी?" उच्चार स्वच्छ होता.

हेच प्रकरण परीक्षक एक आकडा बदलून विचारू शकतो. सोडियम 116 तसेच कमी, पण पोटॅशियम 2.4 ऐवजी 6.3, बीपी 80, कातडी काळवंडलेली, फुप्फुसाच्या क्षयाचा इतिहास. आता थायझाइड विसरा. अल्डोस्टेरॉन नसल्याने पोटॅशियम बाहेर पडत नाही आणि सोडियम थांबत नाही. अ‍ॅड्रिनल ग्रंथी गेल्या आहेत, आणि आपल्याकडे क्षय हे त्यामागचे ओळखीचे कारण आहे. ईसीजीत टी लाटा टोकदार असतील तर 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिली, मग इन्सुलिन आणि डेक्स्ट्रोज, आणि या सगळ्याबरोबर हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅम. तोंडी परीक्षेत इथवर सगळे बरोबर सांगतात. मग परीक्षक विचारतो, "सोडियमचा पुढचा नमुना कधी?" कॉर्टिसोल नसताना एडीएच वाढलेले असते. हायड्रोकॉर्टिसोन दिले की काही तासांत ते पडते, आणि तो रुग्णही नळाच्या पाण्यासारखी लघवी करू लागतो. म्हणून उत्तर आहे दोन ते चार तासांनी, आणि लघवी तासातासाला मोजून.

आजी घरी गेल्या त्या अ‍ॅम्लोडिपिनवर. कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते की लघवी वाढवणारी बीपीची गोळी पुन्हा कधीही देऊ नये, कारण एकदा असे झालेल्या रुग्णात ते पुन्हा होते. तीन आठवड्यांनी सून त्यांना घेऊन आली. गावाकडे बीपी वाढलेले सापडले म्हणून गोळी बदलली होती आणि चार दिवसांपासून परत मळमळ होती. पट्टी बघितली. नाव वेगळे, कंपनी वेगळी, पण नावाच्या शेवटी इंग्रजी एच होता. दोन औषधे एकत्र असलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच गोळ्यांवर हा एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड असते. सोडियम 127, पोटॅशियम 3.1. या वेळी आजी चालत आल्या होत्या. सलाईन लावले नाही. पट्टी काढून घेतली, सिरप दोन वेळा लिहिले, आणि सुनेला तो एच बोटाने दाखवला.